शब्दचर्चा : लग्नाला ‘येऊ शकत नाही’ की ‘येणे होणार नाही’?

दारव्ह्याची लेक : माझे वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, यांचे शेताच्या धुऱ्यावरून बिनसलेले आहे. मोजणी होऊनही तो वाद मिटलेला नाही आणि दोन्ही घरांत सणावारालाही जाणे-येणे राहिलेले नाही. काकांच्या मुलीचे लग्न वैशाखात आहे. परवा काका स्वतः घरी आले, पत्रिका आणि हळदीच्या अक्षता वडिलांच्या हातात दिल्या, ‘दादा, चूलबंद आवतन आहे’ एवढेच बोलले आणि चहा न घेता निघून गेले. वडील लग्नाला जाणार नाहीत, हे ठरलेले आहे. मात्र काका स्वतः उंबरा ओलांडून आले, म्हणून त्यांना न जाण्याचा निरोप लेखी आणि नीट शब्दांत द्यावा, अशी वडिलांची इच्छा आहे, कारण तोंडी निरोप गावात चार तोंडांतून फिरतो आणि पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो. मी असे वाक्य लिहिले : ‘काही अपरिहार्य कारणास्तव आम्ही विवाहास उपस्थित राहू शकत नाही, क्षमस्व.’ वडिलांनी ते ऐकले आणि म्हणाले, हे पतसंस्थेच्या दारावरच्या सूचनेसारखे वाटते. शब्द तर सगळे सभ्य आहेत, मग नेमके काय खटकते?

मूर्तिजापूरकर : ताई, तोरणादारी आणि मरणादारी भांडण नेऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात. वडिलांची समजूत घाला आणि सगळे मिळून जाऊन या. मुलीचे लग्न पुन्हा होत नाही.

दारव्ह्याची लेक : आपला सल्ला आपुलकीचा आहे, पण जावे की न जावे हा माझा प्रश्न नाही. तो निर्णय वडिलांचा आहे आणि त्यामागे जे घडले ते मी इथे मांडू इच्छित नाही. न जाण्याचे वाक्य कसे असावे, एवढेच मला विचारायचे आहे.

अचलपूरकर : आधी ‘आमंत्रण’ आणि ‘निमंत्रण’ यांतला फरक लक्षात घ्यावा. घरी येऊन, समोरासमोर, अक्षता देऊन बोलावतात ते आमंत्रण, आणि ते मोडता येत नाही. छापील पत्रिकेने येते ते निमंत्रण, आणि ते नाकारता येते. आपल्याकडच्या पत्रिकेवर ‘निमंत्रण’ हाच शब्द असणार. त्यामुळे ‘आपले निमंत्रण आम्ही नम्रपणे नाकारत आहोत’ असे लिहिण्यास हरकत नसावी.

गुरुजी, आर्वी : अचलपूरकरांनी म्हटल्याप्रमाणे या दोन शब्दांत जुना फरक आहे खरा, पण तो नेमका उलट आहे. पाणिनीच्या एका सूत्रात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आले आहेत. त्यावर काशिकावृत्ती सांगते की निमंत्रण म्हणजे नियोग, म्हणजे जे पाळलेच पाहिजे असे बोलावणे, आणि आमंत्रण म्हणजे कामचार, म्हणजे ज्याला यायचे त्याच्या इच्छेवर सोडलेले बोलावणे. निमंत्रणाचे उदाहरण म्हणून पुढच्या व्याकरणकारांनी श्राद्धाच्या जेवणाला दौहित्राला बोलावण्याचा प्रसंग दिला आहे, कारण ते त्याला टाळता येत नसे. मराठीत मात्र हा फरक उरलेला नाही. एकाच पत्रिकेत वर ‘आग्रहाचे निमंत्रण’ आणि खाली ‘हेच आमंत्रण समजावे’ असे छापलेले आपण नेहमी पाहतो. म्हणून या ताईंनी आपले उत्तर त्या फरकावर उभे करू नये. हातोहात आलेल्या बोलावण्याचे वजन छापील कागदाहून जास्त असते, हे अचलपूरकरांचे म्हणणे मात्र अगदी बरोबर आहे आणि उत्तर लिहिताना ते ध्यानात ठेवावे लागेल.

आता ‘नाकारणे’ या क्रियापदाविषयी. ते कितीही नम्रपणे वापरले तरी इथे चालणार नाही. आपण निमंत्रण नाकारले असे लिहिले की बोलावणाऱ्याने दिलेली वस्तूच परत केल्यासारखे होते. अक्षता हातात घेतलेल्या आहेत, म्हणजे बोलावणे स्वीकारलेले आहे. होणार नाही ते फक्त येणे. म्हणून उत्तराची सुरुवात पत्रिका आणि अक्षता मिळाल्या, येथून व्हावी आणि नकार केवळ येण्यापुरता असावा.

राहिले क्रियापदाचे रूप. ‘येणार नाही’ यात इच्छा दिसते आणि ज्यांच्यात आधीच अबोला आहे त्यांना ती नको तेवढी दिसते. ‘येऊ शकत नाही’ यात असमर्थता सांगितली जाते, आणि असमर्थता सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात ‘का?’ हा प्रश्न उठतो. त्या प्रश्नाला आपल्याकडे सांगण्याजोगे उत्तर नसते. ‘येणे होणार नाही’ यात कर्ता बाजूला राहतो. पत्रिकेत ‘अगत्य येणे करावे’ असे आर्जव असते, आणि ‘येणे होणार नाही’ हे त्याच शब्दांत दिलेले उत्तर ठरते. आपल्या भागात बोलतानाही लोक ‘येणं नाही होत आमचं’ असेच म्हणतात आणि त्यावर सहसा कोणी कारण विचारत नाही.

पुसदची सून : माझ्या सासरी असाच प्रसंग आला होता, म्हणून सांगते. चुलत नणंदेच्या घरून बोलावणे आले. आमच्याकडे जायचे नव्हते, पण तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून सासऱ्यांनी ‘जमल्यास नक्की येऊ’ असा निरोप पाठवला. तिकडे त्यांनी ‘जमल्यास’ सोडून दिले आणि ‘नक्की येऊ’ तेवढे धरले. हळदीच्या दिवशी आम्हाला आणायला गाडी घेऊन माणूस आला, तेव्हा नाही म्हणावे लागले. पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले असते तर एकदाच वाईट वाटले असते. पुढे ती मंडळी नकाराविषयी काही बोलली नाहीत, पण गाडी रिकामी परत पाठवली, हे आजही बोलून दाखवतात. म्हणून ‘पाहतो’, ‘बघू’, ‘जमलं तर’ हे शब्द तुमच्या पत्रात अजिबात येऊ देऊ नका.

दारव्ह्याची लेक : गुरुजी, ‘येणे होणार नाही’ वडिलांना पटले. पण मग कारण काहीच द्यायचे नाही का? ‘तब्येत बरी नाही’ किंवा ‘शेतीची कामे आहेत’ असे काही लिहिले तर थोडे मऊ होईल, असे आईचे म्हणणे आहे.

गुरुजी, आर्वी : वैशाखात कापूस आणि तूर घरी आलेली असते आणि पेरणी मृगाच्या पावसावर असते. काका स्वतः शेतकरी आहेत, तेव्हा शेतीचे कारण त्यांना पटणार नाही. तब्येतीचे कारण दिले आणि त्याच आठवड्यात वडील दारव्ह्याच्या बाजारात कोणाला दिसले, तर ती गोष्ट काकांच्या घरी संध्याकाळपर्यंत पोहोचेल. ‘अपरिहार्य कारण’ हा शब्दप्रयोग सभा पुढे ढकलण्याच्या सूचनेत ठीक असतो, कारण तिथे वाचणाऱ्याला कारणाशी देणेघेणे नसते. सख्ख्या भावाला मात्र कारण आधीच ठाऊक आहे. त्याला ‘काही कारण’ म्हणून सांगितले की त्याला ते टोचते. ठाऊक असलेले कारण न लिहिणे, हाच इथे त्याचा मान राखणे आहे.

अचलपूरकर : आमंत्रण-निमंत्रणाच्या बाबतीत गुरुजींचे म्हणणे मान्य. पण कारण नाही, तर निदान ‘क्षमस्व’ तरी राहू द्यावे. नाहीतर पत्र कोरडे होईल.

गुरुजी, आर्वी : ‘क्षमस्व’ हे मुळात ‘तू क्षमा कर’ असे आज्ञार्थी रूप आहे. मराठीत ते आता ठोकळ्यासारखे झाले आहे, हे खरे. तरीही धुऱ्याचा वाद चालू असताना मोठ्या भावाने धाकट्याकडे लेखी क्षमा मागितली, तर काका तिचा संबंध लग्नाशी न जोडता शेताशी जोडतील. ‘दिलगीर आहोत’ यात क्षमा मागितलेली नाही, केवळ मनाला वाईट वाटल्याचे सांगितले आहे, पण त्याला कचेरीचा वास फार येतो. आणि ‘गैरसमज नसावा’, ‘राग मानू नये’ ही वाक्ये तर कटाक्षाने टाळावी, कारण रागावण्याजोगे काही आहे याची आठवण तीच करून देतात. ओलावा आणायचा असेल तर तो मुलीसाठीच्या वाक्यात आणावा. काकांच्या मुलीला वडिलांनी ‘शुभेच्छा’ देऊ नयेत. शुभेच्छा परकाही देतो, मोठ्या बाबांकडून आशीर्वादच जायला हवा.

माझ्या मते पत्र साधारण असे व्हावे :

‘चि. … यास अनेक आशीर्वाद. तू स्वतः घरी येऊन पत्रिका आणि अक्षता दिल्यास, त्या देवाजवळ ठेवल्या आहेत. लग्नाला आमचे येणे होणार नाही. चि. सौ. कां. … हिला आणि जावईबापूंना आमचे मनापासून आशीर्वाद. तिच्यासाठी साडी पाठवीत आहे, ती हळदीच्या आधी पोहोचेल.’

नकाराचे वाक्य सगळ्यांत लहान आहे आणि ते मधोमध आहे, शेवटी नाही. शेवटी असते तर वाचून झाल्यावर तेवढेच लक्षात राहिले असते.

पुसदची सून : साडीविषयी मला शंका आहे. स्वतः न येता अहेर पाठवला तर काही घरी तो परत येतो. परत आला तर वडिलांना ते सहन होईल का, हे आधी पाहा. आमच्याकडे अशा वेळी अहेर मामाच्या हस्ते देतात, म्हणजे मुलीच्या आईच्या माहेराकडून, कारण त्यांना परत पाठवणे काकांना जड जाते.

मूर्तिजापूरकर : पत्रिकेवर वडिलांचे नाव आहे का? आमच्या गावी भावकीची सगळी नावे खाली ‘विनीत’ म्हणून छापतात. तसे असेल तर तुमचे वडील पाहुणे नाहीत, बोलावणाऱ्यांपैकीच एक आहेत. मग ‘येणे होणार नाही’ हे शब्द तरी कसे बसतील?

दारव्ह्याची लेक : आपण हे विचारले, ते बरे झाले. मी आत्ता पत्रिका पाहिली. ‘विनीत’ खाली पहिले नाव वडिलांचेच आहे आणि काकांचे त्यानंतर आहे. आम्हाला न विचारता त्यांनी ते छापले आणि तेही वर छापले. वडील ती ओळ बराच वेळ वाचत बसले होते, पण काही बोलले नाहीत.

गुरुजी, आर्वी : मग एक शब्द बदलावा लागेल. ज्याच्या नावाने बोलावणी गेली आहेत तो ‘येत’ नाही, तो मांडवात ‘असतो’. ‘लग्नाच्या दिवशी मांडवात आमचे असणे होणार नाही’ हे व्याकरणाने बरोबर असले तरी बोलण्यातले नाही. ‘मांडवात उभे राहणे होणार नाही’ हे आपल्याकडे बोलले जाते, पण त्यातून पाठीशी उभे न राहण्याचा अर्थही निघू शकतो. मी तूर्त ‘येणे’च ठेवेन आणि आशीर्वादाच्या आधी एक वाक्य घालेन : ‘पत्रिकेत माझे नाव पहिले घातलेस, ते पाहिले.’ त्यावर काही मत देऊ नये. पाहिले, एवढे कळवणे पुरेसे आहे.

आणखी एक, जे मूर्तिजापूरकरांच्या प्रश्नामुळे मला सुचले. आवतन चूलबंद आहे, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटू नये, सगळ्यांनी तिकडे जेवावे, असे बोलावणे आहे. त्याला उत्तर देताना ‘आमचे येणे होणार नाही’ लिहिले तर आपण, आपली आई, लेकरेबाळे, सगळ्यांचाच नकार त्यात येतो. ‘माझे येणे होणार नाही’ लिहिले तर फक्त वडिलांचा येतो. हे वडिलांना विचारूनच लिहावे.

अचलपूरकर : ‘माझे’ लिहिले आणि घरची बाकी मंडळी गेली, तर वडील एकटेच रुसून बसले आहेत, असे गावाला दिसेल. ‘आमचे’ यात निदान घर एक आहे, असे दिसते.

दारव्ह्याची लेक : आईने दोन्ही वाक्ये ऐकली आणि ‘माझे’ लिहा म्हणाली. तिला हळदीला जायचे आहे, हे मला आज कळले. वडिलांना अजून विचारलेले नाही. ते ‘आमचे’वर अडून राहिले, तर आईला त्या पत्रानंतर जाता येईल असे एखादे वाक्य आहे का, की ‘आमचे’ लिहिले म्हणजे तिचाही मार्ग बंदच झाला?

पुसदची सून : ‘आमचे’ लिहूनही आई मुलीच्या आईला एकटीने भेटायला हळदीच्या आदल्या दिवशी जाऊ शकते. त्याला लग्नाला येणे म्हणत नाहीत आणि बायकांच्या जाण्याची दखल पत्रात घ्यावी लागत नाही. पण ते तुमच्या गावात चालते का, हे तुम्हालाच ठाऊक.