मदत हवी आहे: हजार-लाखाच्या घोळात एनपीव्हीचा क्रमच उलटला

दोन प्रकल्पांची तुलना करत होतो, दर १० टक्के, मुदत ५ वर्षं. ‘अ’ची गुंतवणूक २ कोटी, दरवर्षी ६० लाख येणार. ‘ब’ची १८० लाख, दरवर्षी ५७ लाख येणार, पण त्यातून देखभाल वजा. ती उत्पादन विभागाने हजारांत कळवली होती: ४५०.

माझी शीट लाखांत. घाईत मी ४५० चे ०.४५ केले, खरं तर ४.५ हवे होते. ‘अ’चा एनपीव्ही २७.४५ लाख आणि ‘ब’चा ३४.३७, म्हणून मी ‘ब’ सुचवला. चूक सुधारल्यावर ‘ब’ १९.०२ लाखांवर आला!

सगळेच आकडे एकाच पटीने चुकले असते तर क्रम तरी बदलला नसता. इथे एकच ओळ दहापट घसरली, आणि तीही खर्चाची. देखभाल मुळातच छोटी, त्यामुळे ०.४५ पाहून कुणालाच खटकलं नाही. कोटींचे लाख करताना शंभरपटीची चूक झाली असती तर लगेच डोळ्यात भरली असती.

आता प्रत्येक ओळीपुढे एकक आणि गुणक (१०००, १०००००, १०००००००) असे दोन रकाने ठेवून सगळं रुपयांत आणतो, आणि मगच हे सूत्र लावतो:

```
=NPV(10%,C3:C7)+C2
```

पण एककच चुकीचं निवडलं तर? देखभालीचं गुंतवणुकीशी प्रमाण तपासावं म्हणतो: चुकीच्या आकड्यात ते ०.२५ टक्के, खऱ्यात २.५. तुम्ही अशी मर्यादा कशी ठरवता? की दुसऱ्याकडून मूळ कागदावरून आकडे पुन्हा भरून घेता?