मदत हवी आहे: जेवल्यावर अडीच तासांत उलट्या, दोष सुंगटांचा की पुलावाचा?

माडाची सावली (म्हापसा): रविवारी घरी बारसं होतं. दुपारी एकला जेवलो, साडेतीनला पहिली उलटी. पाचपर्यंत अकरापैकी सहा जण आडवे. ताप कुणालाच नाही, जुलाब एकदोघांना, तेही थोडे. दुसऱ्या दिवशी सगळे बरे. शनिवारी रात्री नऊला सुंगटांची आमटी खाल्ली होती, म्हणून सासूबाई सुंगटांना दोष देतात. पुलाव त्याच रात्री शिजवून टोप झाकून ओट्यावर ठेवला होता, पण सकाळी मी स्वतः वाफ येईपर्यंत गरम केला. मग तो कसा बाधेल? रात्रंदिवस हेच डोक्यात आहे.

रानफूल: मधोमध गार राहिला असेल. कडक गरम केलात तर जंतू मरतात, मग भीती नाही.

दर्यावर्दी: मलाही असंच झालं होतं. रात्री नऊला लग्नात मटण खाल्लं, सकाळी सातला पोटात कळा आणि जुलाब. उलटी नव्हती. तुम्हीही सुंगटंच धरा.

मीनाताई (अन्नतपासणीत नोकरी केली): दर्यावर्दी, तुमचं प्रकरण वेगळं. दहा तासांनी जुलाब म्हणजे बहुधा जंतू पोटात जाऊन आतड्यात विष तयार करतात, त्याला वेळ लागतो. अडीच तासांत जंतूंना तेवढी उसंतच नसते. इतक्या लवकर उलट्या होतात तेव्हा विष जेवणातच तयार असतं.

रानफूल, जंतू मरतात हे खरं, पण विष तापवून जात नाही. भातातल्या बॅसिलस सीरियसचे बीजाणू शिजवतानाही तगतात. रात्रभर कोमट टोपात ते रुजतात, वाढतात आणि उलटीचं विष सोडतात. सकाळच्या वाफेने त्याला काही होत नाही.

ताई, आता सांगा, आजारी पडलेल्यांपैकी कुणी सुंगटं खाल्ली नव्हती का? आणि गोड काय होतं?

माडाची सावली: सावंतवाडीहून नणंदेची दोन मुलं रविवारी सकाळीच आली. सुंगटं त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत, दोघंही आजारी. गोडाला कस्टर्ड होतं. ते ढवळणाऱ्या जाऊबाईंच्या बोटाला कापलं होतं, पट्टी बांधलेली.

मीनाताई: मग सुंगटं सुटली. पट्टीचं ऐकून स्टॅफिलोकोकसची शंका येते. जखमेतून तो कस्टर्डमध्ये जातो, विषही तसंच तयार ठेवतो आणि वेळही हीच, साधारण एक ते सहा तास. त्यामुळे नुसत्या घड्याळावरून या दोघांत निवड होत नाही. कस्टर्ड कुणी खाल्लं नाही?

माडाची सावली: त्याच दोन मुलांनी. त्यांनी फक्त पुलाव घेतला. सासूबाईंना रविवारी भात नको होता, त्यांनी कस्टर्ड दोनदा घेतलं, त्या ठणठणीत.

मीनाताई: पुलावाकडेच बोट जातं. पण तीन माणसांवरून पक्कं म्हणवत नाही. टोपात काही उरलंय का?

माडाची सावली: त्याच संध्याकाळी घासून टाकला. कस्टर्डचा एक वाडगा अजून फ्रीजमध्ये आहे.

मीनाताई: तो कुणाला देऊ नका. आणि पुढच्या वेळी भात परातीत पसरून वाफ जाऊ द्या, मग लहान डब्यांतून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. भरला टोप आत ठेवला तर मधला भात कितीतरी तास कोमटच राहतो.