मदत हवी आहे: कॅलरीमीटरची उष्माधारकता उणे येतेय!

जर्नल_बाकी
परवा जर्नल द्यायचंय आणि उत्तर जमत नाहीये. KNO₃ ची विद्रावण एन्थाल्पी काढायची आहे. ०.०५ मोल मीठ १०० मिली पाण्यात टाकलं, तापमान ३.६ अंश उतरलं. हिशेबाने ३०.१ आलं, पुस्तकात ३४.९ किलोज्यूल प्रति मोल आहे. सर म्हणाले, कॅलरीमीटरने दिलेली उष्णता धरली नाहीस. ती धरायला गरम-गार पाणी मिसळून उष्माधारकता काढली, तर उणे ४२! सर म्हणतात चिन्ह सोड, ४२ धर. मग ३३.१ येतं. पण तोंडी परीक्षेत 'उणे का आलं' विचारलं तर?

तांबट_आळी
सोपं आहे. भांड्याचं वजन कर आणि ०.३८५ ने गुण. आम्ही धातूची विशिष्ट उष्णता अशीच काढायचो.

जर्नल_बाकी
काका, भांडं तांब्याचं नाहीये. थर्मास आहे.

गणित_पक्कं
तुझी चूक उष्माधारकतेत नाहीच, वस्तुमानात आहे. १०० नाही, द्रावणाचे १०५ ग्रॅम धर. लगेच ३१.६ होईल.

निवृत्त_डेमो
१०५ ग्रॅम धरायचे तर विशिष्ट उष्णताही द्रावणाची घ्यावी लागते, आणि ती पाण्याच्या ४.१८ पेक्षा कमी असते. मीठ विरघळलं की वजन वाढतं, पण एवढ्या पातळ द्रावणाची एकूण उष्माधारकता आधीच्या १०० ग्रॅम पाण्याइतकीच राहते, किंचित कमीच. म्हणून इथे १०० × ४.१८ हेच खऱ्या उत्तराच्या जवळ आहे.
आता मूळ प्रश्न. बाळा, गरम पाणी थर्मासमध्ये होतं की गार? आणि तिन्ही तापमानं दे.

गणित_पक्कं
आम्हाला कॉलेजात १०५च शिकवलंय. मार्क त्यालाच मिळतात.

जर्नल_बाकी
गरम थर्मासमध्ये होतं, गार वरून ओतलं. दोन्ही ५०-५० मिली. गार २७.०, गरम ५०.०, मिसळल्यावर ३९.८. त्याने काय फरक पडतो? सूत्र तेच ना?

निवृत्त_डेमो
तिथेच घोळ आहे. तुझ्या जर्नलमधलं सूत्र थर्मासमध्ये गार पाणी असतं असं धरून लिहिलंय. तेव्हा थर्मास गार पाण्याबरोबर तापतो, उष्णता खातो. तू उलटं केलंस. तुझा थर्मास गरम पाण्याबरोबर ५० वर होता, म्हणजे त्याने उष्णता दिली.
आकडे बघ. ५० ग्रॅम पाण्याला अंशामागे २०९ ज्यूल लागतात. गार पाणी १२.८ अंश चढलं, म्हणजे २६७५ ज्यूल घेतले. गरम पाणी १०.२ अंश उतरलं, म्हणजे २१३२ दिले. उरलेले ५४३ थर्मासने दिले आणि तोही १०.२ अंशच उतरला. ५४३ भागिले १०.२, म्हणजे ५३ ज्यूल प्रति अंश. तू त्याच ५४३ ला १२.८ ने भागलंस, तेही उलट्या चिन्हाने. नुसतं चिन्ह पुसून ४२ धरणं हा योगायोगाने बरा दिसणारा आकडा आहे.
आता ४१८ अधिक ५३, ४७१. गुणिले ३.६, १६९६ ज्यूल. भागिले ०.०५, म्हणजे ३३.९.

द्राक्षबाग
हे KNO₃ म्हणजे आमचं १३:०:४५ खत ना? बादलीत ढवळताना बादली बाहेरून घामेजते आणि हात गार पडतात. कारण आज कळलं. टाकीत पाणी कोमट घेतलं तर लवकर विरघळेल का?

तांबट_आळी
हाच सोरा. अकबराच्या काळी पाणी गार करायला वापरत, आईन-ए-अकबरीत आहे.

जर्नल_बाकी
सर, ३४.९ ला अजून एक कमी आहेच की!

निवृत्त_डेमो
३४.९ हे अनंत विरल द्रावणाचं मूल्य आहे. तुझं द्रावण अर्ध्या मोलरच्या आसपास आहे, तिथे विद्रावण एन्थाल्पी थोडी कमीच येते. दुसरं, ३.६ कसे मोजलेस? सर्वांत खाली गेलेला आकडा धरलास ना? मीठ विरघळायला दोन-तीन मिनिटं लागली असतील तर तेवढ्यात बाहेरची उष्णता आत शिरते आणि घट कमी दिसते. दर अर्ध्या मिनिटाला वाचन घेऊन आलेख काढ, नंतरची चढती रेषा मीठ टाकलं त्या क्षणापर्यंत मागे वाढव. खडे असतील तर आधी बारीक कर.

गणित_पक्कं
थर्मासमध्ये एवढी गळती होत नाही. उगाच वाढीव काम.

निवृत्त_डेमो
झाकण नसेल, आणि ढवळायला काचेची कांडी आत-बाहेर होत असेल, तर होते. करून बघा.

जर्नल_बाकी
झाकण होतं, पण थर्मामीटरसाठी अर्धवट उघडं. आणि वाचनं दोनच घेतली, आधीचं आणि नंतरचं. उद्या लॅब रिकामी असेल तर परत करतो. खलात वाटलं तर चालेल?

निवृत्त_डेमो
एकटा सोराच वाट, हलक्या हाताने. खल धुतलेला हवा, गंधक-कोळसा वाटलेला नको.

द्राक्षबाग
माझ्या कोमट पाण्याचं राहिलंच.