प्रतिसाद: शंकास्पद भाषांतराचा सारांश

> "चाकणच्या कारखान्यासाठी जर्मन यंत्राच्या माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर आलंय, पण वाक्यं खटकतात. सारांश करताना दुरुस्त करून टाकू का?"

मनानं दुरुस्त करू नका. आधी खटकणारी जागा त्याच कागदात दुसरीकडे ताडून बघा. समजा, वजन "२.५०० किलो" लिहिलंय आणि पुढे फटीचं माप "०,०५ मिमी" आहे. म्हणजे आकडे जर्मन पद्धतीचेच राहिलेत: तिकडे स्वल्पविराम दशांशाचा आणि टिंब हजाराचं. वजन अडीच हजार किलो. तरी सारांशात असं लिहा: "वजन बहुधा २५०० किलो (भाषांतरात २.५००, पान ४, मूळ प्रतीवरून खात्री करावी)." क्रेन याच आकड्यावर ठरणार आहे, म्हणून ही शंका तळटीपेत नको, त्याच ओळीत हवी.

पण "५०० तासांनंतरच तेल बदला" आणि तक्त्यात "५०० तासांच्या आत" असं असेल, तर कुठलं खरं हे भाषांतरावरून कळणारच नाही. अशा वेळी दोन्ही वाक्यं अवतरणात जशीच्या तशी द्या, पान क्रमांक लिहा आणि त्या परिच्छेदाचं मूळ जर्मन पान मागवा. ते येईपर्यंत देखभालीच्या वेळापत्रकात तो आकडा भरू देऊ नका. नुसत्या बोजड वाक्यांवर मात्र खूण करत बसू नका, खऱ्या शंका त्यात हरवतात.