हळदीचा वायदा: भाव वाढला तर?

> वायद्यात आधीच भाव बांधला आणि नंतर बाजार चढला, तर शेतकऱ्याचं नुकसानच ना?

हिशेबात नाही, पण हातातल्या पैशाची ओढाताण नक्की होते. एनसीडीईएक्स या वायदे बाजारात पुढच्या महिन्यांचा भाव आजच ठरवता येतो. तिथे हळदीचा एक सौदा ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलचा असतो. समजा, वसमतच्या शेतकऱ्याने फेब्रुवारीत मे महिन्याचा एक सौदा क्विंटलला १४,००० रुपयांनी विकला.

मे महिन्यात वायदा १६,००० वर गेला आणि वसमतला हळद १५,८०० ने विकली गेली. त्याच दिवशी त्याने सौदा परत विकत घेऊन मिटवला. वायद्यात २,००० गेले, हातात उरले १३,८००. उलट वायदा १२,५०० आणि वसमतचा भाव १२,३०० झाला असता, तर वायद्यात १,५०० मिळून पुन्हा १३,८००च! मधले २०० म्हणजे वायद्याच्या आणि गावच्या भावातला फरक. तो मात्र बांधला जात नाही. बदलला की हातातला भावही बदलतो.

खरी अडचण मार्चमध्ये येते. हळद अजून शिजतेय, वाळतेय, आणि वायदा हजाराने चढला की ब्रोकरचा फोन येतो: ५०,००० भरा. तोट्याचा हिशेब रोजच्या रोज रोखीत होतो, मालाचे पैसे मात्र मे महिन्यात. पैसे भरता आले नाहीत तर सौदा तिथेच तोट्यात कापला जातो, आणि पुढे भाव पडला तर संरक्षणही उरत नाही. म्हणून मार्जिनशिवाय, म्हणजे सौदा करताना ठेवाव्या लागणाऱ्या अनामत रकमेशिवाय, वेगळी रोकड हाताशी नसेल, तर सौदा करूच नका.