मदत हवी आहे: प्रकाशित शोधनिबंधाच्या कोष्टकात चूक आढळली, संपादकांना दुरुस्तीचे पत्र कसे लिहावे?

नीरजा_द

नमस्कार. आमचा एक शोधनिबंध काही महिन्यांपूर्वी एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या कोष्टकात चूक असल्याचे आता लक्षात आले आहे. पत्रव्यवहाराची जबाबदारी माझ्याकडे असल्याने संपादकांना मलाच लिहायचे आहे.

व्यायाम करणारा आणि न करणारा अशा दोन गटांच्या हाताच्या पकडीच्या बळाची तुलना आम्ही केली होती. प्रत्येक गटात ३६ जण होते. कोष्टकात ३१.४ ± १.५ किलो आणि २६.६ ± १.६ किलो असे आकडे आहेत आणि ± पुढचा आकडा प्रमाण विचलनाचा आहे, असे तळटीप सांगते. प्रत्यक्षात ते आकडे प्रमाण त्रुटीचे आहेत. खरे प्रमाण विचलन ९.० आणि ९.६ किलो आहे. मेटा-विश्लेषण करणाऱ्या एका संशोधकांनी ‘आपले विचलन इतके कमी कसे?’ असे विचारले, तेव्हा मूळ डेटा पुन्हा तपासला आणि हे उघड झाले. टी-चाचणी मूळ डेटावरच केलेली असल्यामुळे टी २.१९ आणि पी-मूल्य ०.०३२ हे आकडे बरोबर आहेत.

माझा मसुदा असा आहे (पाठवताना नियतकालिकाच्या भाषेत करीन):

“माननीय संपादक, आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आमच्या लेखात अनवधानाने एक किरकोळ त्रुटी राहिली आहे, याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. निष्कर्षांवर तिचा काहीही परिणाम होत नाही. कृपया योग्य ती दुरुस्ती करावी, ही विनंती.”

एवढे पुरेसे आहे का, आणि निष्कर्ष बदलत नसताना औपचारिक दुरुस्तीचा आग्रह धरावा का, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

चिन्मय_१२

माझ्या मते आपण फार काळजी करत आहात. पी-मूल्य बदलत नाही, म्हणजे निष्कर्ष कायम आहे. तळटीपेतील एक शब्द बदलायचा आहे, तेव्हा प्रकाशकाच्या निर्मिती विभागाला थेट कळवून संकेतस्थळावरील पीडीएफ बदलून घ्यावी. संपादकांपर्यंत जाण्याची गरज नाही. असे बदल ते दोन दिवसांत करून देतात आणि लेखावर ‘दुरुस्ती’चा शिक्काही बसत नाही.

सुलभा मावशी

लेखकांना आधी लिहिलेत का? मी एका लेखातील अशीच चूक लेखकांना कळवली होती. दोनदा लिहूनही उत्तर आले नाही, म्हणून शेवटी संपादकांना कळवावे लागले. दुसऱ्यांच्या लेखातील चूक दाखवताना भाषा आरोपाची होऊ देऊ नका; आपण काय मोजले आणि कुठे मेळ बसत नाही, एवढेच लिहा.

नीरजा_द

सुलभाताई, लेख आमचाच आहे. चूक वाचकांनी दाखवली. तरी ‘कुठे मेळ बसत नाही तेवढेच लिहा’ ही सूचना मला आमच्या पत्रासाठीही उपयोगी वाटते.

विवेक_सं

मी काही वर्षे एका नियतकालिकाचा सहसंपादक होतो आणि अशी पत्रे हाताळली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चिन्मय यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे: गटांमधील फरकाविषयीचा आपला निष्कर्ष टिकतो. पण छापलेला आकडा आपला लेख संपल्यावरही वापरला जातो. मेटा-विश्लेषण करणारे आपले पी-मूल्य घेत नाहीत, ते सरासरी, विचलन आणि संख्या घेतात. कोष्टकातले आकडे विचलन म्हणून घेतले तर ४.८ किलोच्या फरकाला सुमारे १.५५ ने भागले जाते आणि परिणामाचे प्रमाण ३.१ येते. खऱ्या विचलनाने भागल्यास ते ०.५२ आहे. सहापट फुगलेला हा आकडा एकत्रित विश्लेषणात गेला, तर एकटा आपला अभ्यास इतरांच्या निकालाला आपल्याकडे खेचू शकतो. पुढचा अभ्यास आखणाऱ्या एखाद्याने तो वापरला, तर दर गटात सुमारे ६० जण लागतात तिथे तो बोटांवर मोजण्याइतक्या लोकांवर भागवेल. म्हणून ‘किरकोळ’ हा शब्द मसुद्यातून काढावा, असे मी सुचवतो. त्रुटी किती मोठी आहे हे संपादकांना ठरवू द्या. त्यासाठी लागणारे आकडे मात्र पत्रातच असायला हवेत.

पीडीएफ गुपचूप बदलून घेण्याचा मार्ग टाळावा. ज्याने जुनी प्रत आधीच उतरवून घेतली आहे त्याला बदल कधीच कळत नाही, आणि एकाच डीओआयखाली दोन वेगवेगळे आकडे फिरू लागतात. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती या दोघांचीही अपेक्षा अशी की, दुरुस्तीची स्वतंत्र सूचना प्रसिद्ध व्हावी, तिने काय बदलले हे स्पष्ट सांगावे आणि ती मूळ लेखाशी जोडलेली असावी. अशा सूचनेला बहुधा स्वतःचा डीओआय मिळतो आणि पबमेडसारख्या सूचीत ती मूळ लेखाच्या नोंदीवर दिसते. हा ‘शिक्का’ म्हणजे वाचकापर्यंत योग्य आकडा पोहोचण्याचा मार्ग आहे.

पत्र लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, आपण दिलेल्या अंतिम हस्तलिखितात तळटीप काय होती. तिथेही ‘प्रमाण विचलन’ असेल तर चूक लेखकांची आहे. तिथे बरोबर असून मांडणीत बदलले गेले असेल तर ती प्रकाशकाची. पत्रात हे एका वाक्यात लिहा. सूचनेला कोणते नाव द्यायचे, ते नियतकालिक आपल्या पद्धतीने ठरवेल. दुसरी, हा आकडा लेखात आणखी कुठे पोहोचला आहे ते शोधा: सारांश, आलेख, पुरवणी फाइली आणि विशेषतः चर्चेचा भाग.

नीरजा_द

अंतिम हस्तलिखितातही तळटीप चुकीचीच आहे, म्हणजे चूक आमच्याकडची. आलेखातील रेषा प्रमाण त्रुटीच्या आहेत आणि तिथे तसे बरोबर लिहिले आहे. कोष्टक आणि आलेख शेजारी ठेवले असते तर ती तेव्हाच दिसली असती. सारांशात विचलनाचा उल्लेख नाही.

मात्र चर्चेत एक वाक्य सापडले, ते मला अस्वस्थ करते: ‘आमच्या नमुन्यातील पकडीच्या बळाचे विचलन पूर्वीच्या अभ्यासांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी होते, यावरून मोजमापाची पद्धत अधिक काटेकोर असल्याचे दिसते.’ हे वाक्य पूर्णपणे त्या चुकीच्या तळटीपेवर उभे आहे.

विवेक_सं

मग पत्राचे स्वरूप बदलते. ‘निष्कर्षांवर काहीही परिणाम होत नाही’ असे आता लिहिता येणार नाही. मुख्य निष्कर्ष टिकतो आणि एक दावा मागे घ्यावा लागतो, हे दोन्ही वेगवेगळे लिहा. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या प्रौढ गटात पकडीच्या बळाचे विचलन दीड किलो असणे मुळातच संभवत नाही, त्यामुळे जाणकार वाचक त्या वाक्यापाशी थांबणारच.

मी पत्र साधारण असे लिहीन:

“विषय: प्रकाशित लेखात दुरुस्तीची विनंती, हस्तलिखित क्रमांक …, डीओआय …

माननीय संपादक,

आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या वरील लेखाच्या कोष्टक २ मध्ये आणि चर्चेच्या भागातील एका वाक्यात आम्हाला चूक आढळली आहे. कोष्टकाच्या तळटीपेत ± पुढील आकडे प्रमाण विचलनाचे असल्याचे म्हटले आहे. ते प्रमाण त्रुटीचे आहेत. व्यायाम गटाचे प्रमाण विचलन १.५ ऐवजी ९.० किलो आणि तुलना गटाचे १.६ ऐवजी ९.६ किलो असे वाचले जावे. ही चूक आम्ही सादर केलेल्या अंतिम हस्तलिखितातच होती.

सरासरी, टी आणि पी-मूल्य मूळ डेटावरून काढलेले असल्याने बदलत नाहीत, आणि दोन गटांतील फरकाविषयीचा निष्कर्ष कायम राहतो. मात्र आमच्या नमुन्यातील विचलन पूर्वीच्या अभ्यासांपेक्षा कमी असल्याचा चर्चेतील दावा चुकीच्या आकड्यांवर आधारलेला होता. तो आम्ही मागे घेत आहोत आणि ते वाक्य वगळले जावे अशी विनंती करतो.

सुधारित कोष्टक, पुनर्गणनेचा तपशील आणि मूळ डेटा सोबत जोडला आहे. सर्व सहलेखकांनी ही दुरुस्ती वाचून मान्य केली आहे. मूळ लेखाशी जोडलेली दुरुस्तीची सूचना प्रसिद्ध करावी, ही विनंती. घडलेल्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

दिलगिरी एकदा पुरेशी आहे. चूक कशी घडली याची कहाणी लांबवू नका. संपादकांना विचारायची असेल तर ते विचारतील. ‘सर्व सहलेखकांनी मान्य केले’ हे वाक्य मात्र खरोखर सर्वांची लेखी संमती आल्यावरच लिहा, कारण बहुतेक कार्यालये पुढच्याच टपालात ती मागतात.

नीरजा_द

मनःपूर्वक आभार. संमतीचाच प्रश्न आहे. एका सहलेखकांना केवळ कोष्टक दुरुस्त करावे आणि चर्चेतील वाक्याचा उल्लेख करू नये असे वाटते. त्यांच्या मते वाचक स्वतः समजून घेतील.

चिन्मय_१२

निर्मिती विभागाविषयीचे माझे म्हणणे मागे घेतो. पण सहलेखकांची शंका मला समजते. एक वाक्य मागे घेतल्याने संपूर्ण मोजमापावर शंका येऊ शकते.

विवेक_सं

कोष्टकात ९.० किलो आणि त्याच लेखाच्या चर्चेत ‘विचलन लक्षणीयरीत्या कमी’, असा दुरुस्त लेख मूळ लेखापेक्षा अधिक गोंधळाचा होईल आणि काही महिन्यांत दुसरे दुरुस्तीपत्र लिहावे लागेल. सहलेखकांना हे दोन भाग शेजारी ठेवून दाखवा. तरीही एकमत झाले नाही, तर ती असहमती संपादकांना पत्रातच कळवता येते. तेवढ्यासाठी पत्र अडवून ठेवू नये.

सुलभा मावशी

ज्या संशोधकांनी विचारणा केली त्यांना खरे आकडे लगेच कळवाल ना? मी अशाच उत्तराची वाट पाहत माझे काम थांबवले होते.

विवेक_सं

लगेच कळवावे, असे माझे मत आहे. ९.० आणि ९.६ हे आकडे द्या आणि दुरुस्तीची विनंती करत आहोत असे लिहा, म्हणजे त्यांना विश्लेषणात लेखकांशी झालेल्या पत्रव्यवहाराचा आधार नोंदवता येईल.

मीनल_रा

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. संपादकांनी डेटा तपासण्याआधी आकडे बाहेर गेले आणि तपासणीत आणखी एखादा बदल निघाला, तर त्या संशोधकांकडे तिसराच आकडा राहील. आमच्या गटात आम्ही संपादकांची पोच येईपर्यंत थांबतो. शिवाय सूचनेत त्यांचे आभार मानायचे असतील तर आधी त्यांची परवानगी घ्यावी. सगळ्यांनाच आपले नाव तिथे नको असते.

नीरजा_द

पुनर्गणना आम्ही दोघींनी स्वतंत्रपणे केली आहे आणि आकडे जुळले आहेत, म्हणून ते आजच त्या संशोधकांना पाठवते आणि ‘संपादकांच्या तपासणीच्या अधीन’ असे स्पष्ट लिहिते. आभारांच्या परवानगीचे त्याच पत्रात विचारते. सहलेखकांसाठी कोष्टक आणि ते वाक्य एका पानावर घेऊन पाठवले आहे. त्यांचे उत्तर आल्यावर पत्र जाईल. संपादकांनी वाक्य वगळण्याऐवजी बदलून मागितले तर काय लिहावे, हे मात्र मला अजून सुचलेले नाही. कोणी असे वाक्य लिहिले असेल तर जरूर सांगावे.