मदत हवी आहे: मशीन एकच, ताशी दर मात्र दोघांचा वेगवेगळा

शेडवाला
नमस्कार मंडळी. आमच्याकडे धातू कापायची एकच व्हीएमसी आहे. तिचा मशीन अवर रेट, म्हणजे मशीन तासभर चालवायचा खर्च, काढायला मी आणि मावसभाऊ बसलो. माझा आकडा 258 रुपये आला, त्याचा 232. काल रात्री जेवणं थांबली, पण एकमत काही झालं नाही.

माझा हिशेब सांगतो. मशीन 18 लाखांचं, बसवायला 60 हजार लागले. 10 वर्षांनी भंगारात 1,20,000 येतील असं धरलंय, म्हणजे वर्षाचा घसारा 1,74,000. दुरुस्ती-देखभाल 90,000. भाडं, विमा आणि सुपरवायझरच्या पगाराचा वाटा मिळून 96,000. एकूण 3,60,000. वर्षाचे 300 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 2400 तास. तासाला 150 पडले. मोटर 12 किलोवॅटची आणि युनिट 9 रुपयांनी, म्हणून विजेचे 108. झाले 258. ऑपरेटरची मजुरी मी जॉबवर वेगळी लावतो.

या 2400 तासांतले साधारण 150 तास मशीन दुरुस्तीसाठी बंद असतं आणि 250 तास पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्यात, म्हणजे सेटिंगमध्ये जातात. सेटिंगचे तास मोजायचे की सोडायचे, भांडण तिथेच अडलंय.

घाईत_आहे
एवढी आकडेमोड कशाला? आजूबाजूचे काय दर घेतात ते विचारा, त्यात थोडं कमी-जास्त करा.

शेडवाला
गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते नंतर बघू. आधी मला पदरचे किती जातात ते कळायला हवं.

खतावणी
भावाचा 232 कुठून आला ते ओळखलं. त्याने 2400 मधून फक्त दुरुस्तीचे 150 तास वजा केले, 2250 ने भागलं, 160 आले. विजेला बहुधा 8 युनिट धरले, त्याचे 72. बरोबर?

शेडवाला
अगदी. त्याने मीटर बघून 8 घेतले. मी मोटरच्या पाटीवरचे 12.

खतावणी
मग विजेच्या बाबतीत भाऊ बरोबर. पाटीवरचा आकडा मोटर पूर्ण भाराला किती ताकद देते ते सांगतो. रोजच्या कटिंगला तिच्यावर तेवढा भार क्वचितच येतो.

दुरुस्तीचे 150 तास कोणत्याच जॉबचे नसतात, तेव्हा ते भाजकात येत नाहीत. ते धरले तर त्यांच्या वाट्याचा खर्च कुणाच्याच बिलात जात नाही. सेटिंगची गोष्ट वेगळी आहे, तिथे दोन्ही रस्ते चालतात, फक्त निवडलेला रस्ता शेवटपर्यंत धरायचा.

पहिला रस्ता: सेटिंग अनुत्पादक धरा. मग तास उरले 2000 आणि 3,60,000 चे ताशी 180 झाले. कटिंगची वीज 72. सेटिंगच्या वेळी कंट्रोल आणि पंप चालू असतात, तासाला 2 युनिट धरू. 250 तासांचे 4,500 होतात, ते 2000 तासांवर पसरले की 2.25. दर 254.25.

दुसरा रस्ता: सेटिंग उत्पादक धरा. 2250 तासांवर 160. कटिंगचा तास 160 अधिक 72, म्हणजे 232. सेटिंगचा तास 160 अधिक 18, म्हणजे 178. सेटिंगचे तास मात्र त्या-त्या जॉबवर लिहायचे. भाऊ 232 घेऊन थांबला असेल आणि सेटिंगचं बिल लावतच नसेल, तर वर्षाला 44,500 बुडाले.

पडताळा घ्या. पहिल्यात 2000 गुणिले 254.25, म्हणजे 5,08,500. दुसऱ्यात 4,64,000 अधिक 44,500, तेही 5,08,500.

शेडवाला
म्हणजे माझा 258 जवळपास बरोबरच की!

खतावणी
नाही हो, दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. 2000 तासांचंच बिल होणार, तेव्हा 150 च्या दराने 3,00,000 वसूल, म्हणजे 60,000 कमी. वीज 108 ने 2,16,000 वसूल आणि खरा खर्च 1,48,500, म्हणजे 67,500 जास्त. फरक 7,500 चा दिसतो म्हणून बरं वाटतं. पुढच्या वर्षी कुणी पाटीचा आकडा दुरुस्त केला आणि 2400 तसेच ठेवले, की खड्डा उघडा पडेल.

तेरीज
घसारा सरळ रेषेने कशाला? करात दाखवता तसा घटत्या शिल्लकेवर धरा. नव्या मशीनची किंमत सुरुवातीला जास्त उतरते, हिशेब खरा येतो.

खतावणी
किंमत सुरुवातीला जास्त उतरते हे खरं. पण त्याने दरवर्षी ताशी दर खाली जाईल. तोच जॉब, तेवढाच वेळ, तरी यंदा महाग आणि पुढच्या वर्षी स्वस्त. कोटेशनला ते अडचणीचं. करासाठी काय धरायचं ते वेगळ्या वहीत ठेवा.

सुईदोरा
माझं भरतकामाचं मशीन आहे. छोट्या ऑर्डरला दोरे बदलणं आणि फ्रेम बसवणं यातच अर्धा वेळ जातो. पहिल्या रस्त्याने मी बुडतेय का?

खतावणी
छोट्या ऑर्डरवर हो. शेडवाल्यांच्याच दराने दोन जॉब पाहा, दोन्हींना सेटिंग 3 तास. एकाचं कटिंग 5 तास, दुसऱ्याचं 60. पहिल्या रस्त्याने छोट्याचे 1,271 होतात, दुसऱ्याने 1,694. मोठ्याचे 15,255 आणि 14,454. म्हणजे पहिल्या रस्त्यात मोठं गिऱ्हाईक छोट्याची सेटिंग भरतं. एक दिवस ते दुसरीकडे स्वस्त बघून जातं आणि हातात उरतात सगळे छोटे जॉब. सगळ्या ऑर्डरींत सेटिंगचं प्रमाण सारखं असेल तरच पहिला रस्ता निर्धास्त वापरा.

सुईदोरा
माझ्याकडून असंच एक मोठं गिऱ्हाईक गेलं. कारण आत्ता कळलं.

जुना_फिटर
कागदावरचं झालं. 250 तास कुठून आले? अंदाजाने सांगितलेले सेटिंगचे तास मी कधी खरे पाहिले नाहीत. मशीनशेजारी पाटी लटकवा, व्हाइस उघडल्यापासून पहिला नग पास होईपर्यंतची वेळ खडूने लिहा. आमच्या एका पाळीत सगळे म्हणायचे 40 मिनिटं, पाटीवर निघाली 1 तास 10. टूल ऑफसेट घेण्यात नाही, पहिला नग मोजून पास होण्याची वाट पाहण्यात वेळ जायचा.

विजेचंही तसंच. मशीनच्या मेनवर वेगळा मीटर लावा आणि कटिंगचे, सेटिंगचे आकडे निरनिराळे घ्या.

आणि ते 90,000. त्यात स्पिंडलचं मोठं काम धरलंय का?

शेडवाला
नाही. ते तेल, फिल्टर, बेल्ट आणि किरकोळ काम. स्पिंडल सहाव्या वर्षी निघेल असं मेकॅनिक म्हणतो, 3 लाखांच्या आसपास.

जुना_फिटर
मग आतापासून वर्षाला 50,000 बाजूला काढा. 2000 तासांवर 25 रुपये वाढतात. नाहीतर त्या वर्षी जो जॉब मशीनवर असेल त्याच्या डोक्यावर सगळं येईल.

खतावणी
इथे माझं थोडं वेगळं मत. त्या कामाने मशीनचं आयुष्य वाढणार असेल तर तो खर्च मशीनच्या किमतीत धरून उरलेल्या वर्षांवर पसरवणं मला पटतं. आजच्या गिऱ्हाइकाने पुढच्या वर्षांची झीज का भरावी?

जुना_फिटर
झीज आजच होतेय, साहेब. बेअरिंग आज फिरतंय.

शेडवाला
यावर तुमचं जुळेपर्यंत मी 25 वेगळ्या रकान्यात लिहून ठेवतो. सेटिंग वेगळी लावायचं ठरलं. आज पाटी लावली. पहिलीच नोंद 1 तास 25 मिनिटांची, त्यात भाऊ 20 मिनिटं ऍलन की शोधत होता. ती 20 मिनिटं जॉबवर लिहायची की भावावर?